कूस बदलण्याची किंमत

गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की वाजणारा एक डबा मी दोन वर्षांपूर्वी घरी केला. टाकीच्या तोंडाशी दोन तारा सोडायच्या, पाणी त्यांना टेकलं की बझर वाजणार आणि आई खाली मोटर बंद करणार, इतकाच कारभार. आत चौदा पायांची एक चिप, एक ट्रान्झिस्टर, एक बझर, एक भलामोठा रेझिस्टर आणि तीन पेन्सिल सेल. चिपच्या पाठीवर `74HC04` असं छापलेलं होतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ती नुसती ‘झिरो फोर’ म्हणून मागितली तरी मिळते.

या चिपची डेटाशीट सांगते की ती स्वस्थ बसलेली असताना, खोलीच्या तापमानाला, फार तर २ मायक्रोअॅम्पियर प्रवाह घेते. एका अॅम्पियरचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन. या हिशेबाने चिपमुळे सेल संपायला शंभर वर्षं लागली असती. त्याच्या कितीतरी आधी ते आपोआप जुने होऊन मेले असते. म्हणून डब्याला चालू-बंद करायचं बटण मी लावलंच नाही. टीव्हीच्या रिमोटला कुठे असतं?

तिसऱ्या आठवड्यात खालून आईची हाक आली, “अरे, तुझा डबा मुका झालाय आणि अंगणात तळं साचलंय!”

सेल पार बसले होते. नवे घातले आणि त्यांच्या वाटेत मीटर घालून पाहिलं. टाकी अर्धी होती, बझर गप्प होता, डब्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं. तरी मीटर ३.१ मिलिअॅम्पियर दाखवत होता. मग ४.४. मग २.७. आकडा एका जागी ठरत नव्हता. जरा वाकून चिप बघायला गेलो, तर हात नुसता जवळ गेल्यावरच आकडा पाचाच्या वर चढला, आणि हात मागे घेतल्यावर दोनावर आला. चिपला बोट लावलंही नव्हतं. पेन्सिल सेलमध्ये ढोबळमानाने २००० मिलिअॅम्पियर-तास असतात असं धरलं, तर चार मिलिअॅम्पियरने ते पाचशे तासांत संपतात. पाचशे तास म्हणजे तीन आठवडे. हिशेब चोख जुळत होता, फक्त तो भलत्याच चिपचा वाटत होता.

चूक माझी होती. पण ती कळायला, ही चिप नीट चालते तेव्हा वीज का खात नाही, हे आधी बघावं लागेल.

झिरो फोरच्या आत सहा इन्व्हर्टर असतात. लाइट गेल्यावर पंखा चालवणारी पेटी ती ही नव्हे. इथला इन्व्हर्टर म्हणजे उलटं सांगणारा: आत शून्य आलं तर बाहेर एक, आत एक आलं तर बाहेर शून्य. शून्य म्हणजे जमिनीचं व्होल्टेज, एक म्हणजे सेलचं पूर्ण व्होल्टेज. संगणकाच्या आत याहून साधा विचार करणारं काही नाही.

तो बनतो दोन ट्रान्झिस्टरांनी. एक वर, सेलच्या धन टोकाकडे. एक खाली, जमिनीकडे. दोघं एकाखाली एक जोडलेले, आणि त्यांच्या सांध्यातून उत्तर बाहेर काढायचं. वरचा पी जातीचा, खालचा एन जातीचा. या दोन जातींचा स्वभाव बरोबर उलटा असतो, म्हणून त्यांना एकमेकांचे पूरक म्हणतात. सीमॉसमधला ‘सी’ तोच. एन जातीच्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर व्होल्टेज चढलं की तो वाट उघडतो. पी जातीचा तेच व्होल्टेज चढलं की वाट बंद करतो. दोघांचे गेट एकत्र बांधलेले असतात आणि तेच इन्व्हर्टरचं तोंड.

गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आहेच, तर तिच्याकडेच वळू. टाकीतून एक नळ खाली येतो, त्यावर एक कॉक. त्याच्या खाली दुसरा कॉक, आणि त्यापुढे मोरी. दोन्ही कॉक एकाच दांड्याला जोडलेत, पण उलटे: दांडा फिरवला की एक उघडतो, दुसरा बंद होतो. मधल्या भागात पाणी चढेल किंवा उतरेल, पण टाकीतून थेट मोरीत कधीच वाहणार नाही, कारण दोनांपैकी एक कॉक नेहमी बंद आहे. दांडा कुठल्याही टोकाला ठेवा आणि गावाला जा, टाकी रिकामी होणार नाही.

इथे आणखी एक गोष्ट लागते, आणि ती सांगताना बरेचदा गळते. मधल्या भागातून कुणी पाणी पितही नसलं पाहिजे. इन्व्हर्टरचं उत्तर ज्याच्याकडे जातं तो असतो पुढच्या इन्व्हर्टरचा गेट, आणि गेट प्रवाह पीत नाही. गेटच्या आणि आतल्या सिलिकॉनच्या मध्ये सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे एक प्रकारच्या काचेचाच, थर असतो. गेट त्या काचेपलीकडून नुसत्या ओढीने वाट उघडतो किंवा मिटतो. त्यामुळे वरून खाली जायला वाट नाही आणि बाजूला कुणी पिणारा नाही. पुढे गेटऐवजी एलईडी लावलात तर प्रवाह वाहील, पण तो एलईडीच्या नावावर मांडायचा, इन्व्हर्टरच्या नाही.

ही युक्ती आता उघड वाटते, पण १९६३ पर्यंत कुणी ती मांडून दाखवली नव्हती. त्या वर्षी फेअरचाइल्ड कंपनीतल्या फ्रँक वानलास यांनी चिह-तांग साह यांच्यासोबत या रचनेवर निबंध वाचला आणि तिचं पेटंटही मागितलं. ते १९६७ मध्ये मिळालं. दोन्ही जाती एकाच चिपवर बनवणं तेव्हा जमत नव्हतं, म्हणून त्यांनी सुटे ट्रान्झिस्टर जोडून सर्किट दाखवलं. स्वस्थ बसलेलं असताना ते काही नॅनोवॅट घेत होतं, तेव्हाच्या इतर सर्किटांच्या दहा लाखांव्या हिश्श्याइतकं. आधीच्या पद्धतींत दोनांपैकी एकच कॉक खरा असे आणि दुसऱ्या जागी कायम ठिबकणारा अरुंद पाइप. उत्तर एका बाजूला असलं की पाणी सतत वाहणारच. त्या काळची लाडकी चिप ७४०४ घ्या. सहा इन्व्हर्टर हिच्यातही आहेत, पण सगळ्यांचं उत्तर शून्य असताना ती नुसती बसून साधारण १८ मिलिअॅम्पियर खाते. माझ्या डब्यातल्या सेलना तिने आठवडाही काढू दिला नसता.

मग सीमॉसची वीज जाते कुठे? स्वस्थ बसल्यावर जात नाही हे ठरलं, पण मोबाइल खिशात गरम होतो हा अनुभव सगळ्यांचाच आहे. ती जाते कूस बदलताना.

दोन कॉकच्या मधल्या भागाला आता एक उभा पाइप जोडू, टाकीच्या पातळीइतका उंच. त्यातली पाण्याची पातळी म्हणजे इन्व्हर्टरच्या उत्तराचं व्होल्टेज. असा पाइप चिपमध्ये खरोखर असतो: पुढचा गेट, तिथवर जाणारी तार, ट्रान्झिस्टरांच्या स्वतःच्या कडा. या सगळ्यांत थोडा थोडा विद्युतभार साठतो, म्हणजे हा एक चिमुकला कपॅसिटरच. तो मुद्दाम कुणी बसवलेला नसतो, पण टाळताही येत नाही. काचेच्या दोन बाजूंना दोन वाहक आले की कपॅसिटर तयार झालाच, आणि जी काच गेटला प्रवाह पिऊ देत नाही तीच हा कपॅसिटर घडवते.

पाइप रिकामा आहे. वरचा कॉक उघडला. पहिला तांब्याभर पाणी टाकीच्या उंचीवरून थेट तळाला कोसळतं. त्याची सगळी उंची वाया जाते. पाइप अर्धा भरला की पुढचं पाणी अर्धीच उंची पडतं. शेवटचा तांब्या जवळजवळ पडतच नाही, नुसता सरकून येतो. सरासरी काढली तर प्रत्येक थेंब निम्मी उंची गमावून बसतो. मोटरने मात्र प्रत्येक थेंब पूर्ण उंचीवर चढवला होता. म्हणजे मोटरचे निम्मे कष्ट पाइप भरतानाच खळखळाटात गेले आणि निम्मे पाइपातल्या उभ्या पाण्यात साठून राहिले. आता दांडा फिरवा. वरचा कॉक बंद, खालचा उघडा. साठलेलं पाणी मोरीत जातं, आणि उरलेले निम्मे कष्टही गेले.

इन्व्हर्टरमध्ये नेमकं हेच होतं. कपॅसिटन्स C आणि सेलचं व्होल्टेज V असेल, तर उत्तर शून्यातून एकवर जाताना सेल CV² इतकी ऊर्जा देतो. त्यातली निम्मी वरच्या, पी जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. निम्मी कपॅसिटरमध्ये राहते आणि उत्तर परत शून्यावर येताना खालच्या, एन जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होते. खाली येताना सेल काहीच देत नाही. त्याने पूर्ण फेरीचे पैसे आधीच मोजलेले असतात.

मला स्वतःला हे पहिल्यांदा पटलं नव्हतं. ट्रान्झिस्टर अधिक चांगला केला, त्याचा विरोध कमी केला, तर उष्णता कमी व्हायला नको का? होत नाही. कॉक मोठा केला तर पाणी जोरात आणि थोडा वेळ पडतं, लहान केला तर हळू आणि जास्त वेळ. पण पडतं तेवढंच, तेवढ्याच उंचीवरून. कॉकच्या आकाराने फक्त वेळ बदलतो. निम्म्याचा हा कर चुकवायचा तर टाकीच वेगळी हवी: पाइपात जितकं पाणी चढेल तितक्याच उंचीवर हळूहळू सरकत येणारी. असे प्रयोग झालेत आणि तत्त्व म्हणून ते खरेही आहे, पण अशी सरकती टाकी बांधण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी बचतीपेक्षा जास्त पडतो.

एका फेरीला CV², आणि सेकंदाला f फेऱ्या. म्हणून

`P = C × V² × f`

झिरो फोरवर हे आकडे घालून बघू. डेटाशीटनुसार तिच्या एका इन्व्हर्टरचा आतला हिशेब सुमारे २० पिकोफॅरड. बाहेर तार आणि पुढच्या चिपा मिळून ५० पिकोफॅरड धरू. एकूण ७०. पाच व्होल्टवर एका फेरीला ७० गुणिले २५, म्हणजे १७५० पिकोजूल. सेकंदाला दहा लाख फेऱ्या मारायला लावलं, तर १.७५ मिलिवॅट, प्रवाह ०.३५ मिलिअॅम्पियर. हा प्रवाहही सलग वाहत नाही. उत्तर वर जाण्याच्या क्षणी एक छोटा घोट, मग काही नाही, मग पुन्हा घोट. मीटर त्याची सरासरी दाखवतो. चिपच्या चौदाव्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला सांगतात तो या घोटांसाठीच, सेलपासून लांब तारेतून दर वेळी मागवायला नको म्हणून.

आता शेजारी जुनी ७४०४ ठेवा. तिचं उत्तर निम्मा वेळ शून्य आणि निम्मा वेळ एक असलं, तर एका इन्व्हर्टरमागे ती सरासरी १० मिलिवॅट घेते, काम असो वा नसो. झिरो फोर तेवढी वीज खायला लागते ती सेकंदाला साठ लाख फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे सीमॉसची बचत आळशी कामात दिसते. चिपला सतत पळवलं तर बचत वितळत जाते.

भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ या सूत्राचं फार गोड उदाहरण आहे. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो आकडा दोनाने पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि काटा एका सेकंदाने पुढे सरकतो. या पंधरा पायऱ्यांमध्ये वीज कशी वाटली जाते? पहिल्या पायरीला जेवढी लागते, त्याच्या निम्मी दुसरीला, पाव तिसरीला. पहिली सोडून बाकी सगळ्या चौदा पायऱ्या एकत्र केल्या तरी त्यांचं खाणं पहिल्या एकटीइतकं भरत नाही. दीड व्होल्टच्या सेलवर, एका पिकोफॅरडचा एक सांधा त्या पूर्ण वेगाने उलटत राहिला, तरी लागतात ७४ नॅनोवॅट. घड्याळातला सेल मुख्यतः संपतो तो काटे ढकलणाऱ्या छोट्या मोटरमुळे. हिशेब करणारं डोकं जवळजवळ फुकट चालतं.

सूत्रात V चा वर्ग आहे, हे चिपवाल्यांनी कधीच विसरू दिलं नाही. पाचाचे ३.३ व्होल्ट केले की त्याच कामाला जेमतेम ४४ टक्के ऊर्जा लागते. C कमी करायला तारा आखूड कराव्या लागतात, f कमी करायला वेग सोडावा लागतो. V कमी केला की वर्गाने फायदा. १९९० च्या दशकात चिपांचं व्होल्टेज पाचावरून भराभर खाली येत गेलं ते यामुळे.

पण मी एक बारीकशी लबाडी केली आहे. दोन कॉक एकाच दांड्यावर, एक उघडला की दुसरा बंद, असं म्हटलं. दांडा अर्ध्यात असताना काय?

कुठलाच ट्रान्झिस्टर एका बिंदूवर खटकन बंद होत नाही. खालचा एन साधारण पाऊण-एक व्होल्टला उघडायला लागतो. या व्होल्टेजला त्याचा उंबरठा म्हणतात. वरचा पी, सेलच्या व्होल्टेजपेक्षा तेवढंच कमी झाल्यावर. माझ्या साडेचार व्होल्टच्या डब्यात तोंडावर एक व्होल्टपासून साडेतीन व्होल्टपर्यंत काहीही असलं, तर दोन्ही कॉक थोडे थोडे उघडे असतात आणि टाकीतून मोरीत थेट धार लागते. उलटताना प्रत्येक इन्व्हर्टर या मधल्या पट्ट्यातून जातोच. झटकन गेला तर नुकसान थोडं. फिलिप्स कंपनीच्या हॅरी वेन्ड्रिक यांनी १९८४ मध्ये दाखवलं की आत येणारं व्होल्टेज आणि बाहेर जाणारं उत्तर सारख्याच वेगाने चढत-उतरत असतील, तर ही थेट धार उलटण्याच्या एकूण खर्चाच्या वीस टक्क्यांच्या आत राहते. मगाचच्या वीस पिकोफॅरडच्या आकड्यात डेटाशीटवाले तीही गुपचूप मोजून ठेवतात, त्यामुळे तो आकडा म्हणजे आत खरोखर बसलेला कपॅसिटर नव्हे.

जर मधल्या पट्ट्यातून बाहेर पडलाच नाही, तर? माझ्या डब्याचं दुखणं हेच होतं. सहांपैकी एकच इन्व्हर्टर मी वापरला होता. बाकी पाचांची तोंडं, म्हणजे चिपचे ३, ५, ९, ११ आणि १३ नंबरचे पाय, मी तशीच सोडून दिली होती. वापरायचे नाहीत ना, मग जोडायचे कशाला? जुन्या ७४०४ मध्ये हे खपून जातं. तिची तोंडं मोकळी सोडली तरी ती ‘एक’ आलंय असं धरून बसते. सीमॉसचा गेट असं काहीच धरत नाही. काचेमागे बसलेला तो पत्रा, त्यावर इवलासा भार कुठूनही येतो आणि जायला वाट नसल्याने तिथेच राहतो. जवळून जाणारी विजेची तार, हवेतला दमटपणा, माझा हात, जो कुणी ओढेल तिकडे तो तरंगत जातो. बहुतेकदा मधल्याच पट्ट्यात. म्हणून माझा हात जवळ गेला की प्रवाह बदलत होता. पाच दांडे अर्ध्यात लोंबकळत होते आणि रात्रंदिवस पाच धारा मोरीला लागल्या होत्या.

हे दुखणं पकडताना मजा होते. संशय आला म्हणून मीटरचं टोक तिसऱ्या पायाला लावावं, तर मीटर शून्य व्होल्ट दाखवतो आणि तेवढ्यापुरता प्रवाहही घटतो. मीटरमधून जमिनीकडे दहा मेगाओहमची वाट असते. माणसाच्या लेखी ती नगण्य, पण तरंगत्या गेटला तेवढी वाट पुरते. तपासायला गेलं की रोग पळतो, टोक काढलं की परत येतो. त्यामुळे खरी खूण सेलच्या वाटेतल्या मीटरवरच बघायची: काही घडत नसताना मिलिअॅम्पियरमध्ये प्रवाह, तोही भटकणारा, हात नेला की हलणारा.

उपाय दोन मिनिटांचा. पाचही तोंडं सातव्या पायाला, म्हणजे जमिनीला, डाग देऊन जोडली. तोंडंच फक्त, उत्तराचे पाय मोकळेच ठेवायचे असतात, नाहीतर ‘एक’ सांगणारा ट्रान्झिस्टर थेट जमिनीशी झुंजत बसतो. मीटर मिलिअॅम्पियरवर ०.०० दाखवू लागला. मायक्रोअॅम्पियरच्या खाचेत नेला तर शेवटच्या आकड्यात नुसती चुळबुळ. हात नेला, चिपवर फुंकर मारली, काही फरक नाही.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार झाला. टाकीच्या तोंडाशी वाफ धरून तारा ओल्या राहू लागल्या. पाण्यात बुडाल्या की शून्य, कोरड्या असल्या की एक, असं मी धरलं होतं. नुसत्या ओल्या असताना काय, याचा विचारच केला नव्हता. ओल वाढेल तसं तोंडावरचं व्होल्टेज तासभर हळूहळू खाली येई आणि मधल्या पट्ट्यात रेंगाळे. बझर धड वाजायचा नाही, धड गप्प बसायचा नाही, आचके द्यायचा. डेटाशीट सांगते की साडेचार व्होल्टवर तोंडाने वर-खाली जायला ५०० नॅनोसेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये. माझ्या ओल्या तारा तास घेत होत्या. शेवटी झिरो फोर काढून तिथे तिची बहीण `74HC14` बसवली. पायांची रचना तीच, पण ही वर जाताना एका उंचीवर आणि खाली येताना दुसऱ्याच, खालच्या उंचीवर मत बदलते, त्यामुळे सीमेवर घुटमळत नाही. आचके थांबले. तोंड मधल्या पातळीवर असताना तिच्यातूनही थोडी धार जाते, ती काही थांबत नाही. पण ओल्या तारा वर्षातून दोन-तीन महिनेच.

राहता राहिला ‘जवळजवळ’ हा शब्द. बंद कॉकही थोडा गळतो. उंबरठ्याच्या खाली ट्रान्झिस्टर एकदम कोरडा होत नाही. व्होल्टेज जसजसं खाली जाईल तशी गळती पटीपटीने घटते. साधारण ०.१ व्होल्ट खाली गेलं की दहावा हिस्सा. जुन्या झिरो फोरमध्ये उंबरठा इतका उंच आहे की शून्यावर पोचेपर्यंत गळती मोजायलाही उरत नाही. पण व्होल्टेज एक व्होल्टवर आणल्यावर उंबरठाही खाली आणावा लागतो, नाहीतर ट्रान्झिस्टर उघडायलाच उशीर करतो. उंबरठा ०.१ व्होल्टने उतरवला की गळती दहापट, आणि चिप तापली की त्याहून जास्त. शिवाय गेटखालची काच पातळ होत होत १.२ नॅनोमीटरवर आली, म्हणजे काही अणूंची जाडी, आणि तिच्यातूनही प्रवाह झिरपू लागला. व्होल्टेज आणखी उतरवायची सोय तिथे संपली. व्होल्टेज अडलं की V² अडतो, आणि मग f वाढवणं म्हणजे सरळ उष्णता वाढवणं. इंटेलने २००४ मध्ये टेहास नावाचा त्याहून वेगवान प्रोसेसर अर्ध्यात सोडून दिला, त्यामागे ही उष्णता होती. २००७ मध्ये त्यांनी काचेच्या जागी हाफ्नियमचा जाड थर आणला, तेव्हा गेटमधलं झिरपणं आटोक्यात आलं. पण उंबरठ्याखालची गळती त्याने थांबत नव्हती, आणि नव्या चिपांत ट्रान्झिस्टर काही अब्ज असतात. एकेकाची गळती कितीही क्षुल्लक असो, अब्जांनी गुणल्यावर ती बसल्याबसल्या बॅटरी खाते.

त्यावर चिपवाल्यांनी काढलेला एक उपाय वाचला तेव्हा हसू आलं. मोबाइलच्या चिपमध्ये जो भाग वापरात नसेल, समजा कॅमेऱ्याचा, त्याच्या आणि सेलच्या वाटेत एक मोठा, उंच उंबरठ्याचा ट्रान्झिस्टर घालतात आणि काम नसताना त्या भागाची वीजच तोडतात. म्हणजे चालू-बंद करायचं बटण. वानलास यांच्या युक्तीनंतर ज्याची गरज नाही म्हणून रिमोटवरून गेलं, माझ्या डब्यावर मी लावलं नाही, ते चिपच्या पोटात एकेका खोलीला एक असं परत आलंय. माझ्या डब्यातली जाड काचेची, उंच उंबरठ्याची चिप मात्र बटणाशिवाय चाललीय. सेलवर मी बॉलपेनने तारीख लिहून ठेवली होती. ती आता पुसट झालीय, सेल तेच आहेत.